वयली पणजी : सहा शॉटांचा प्रॉम्प्ट

चालवण्याआधी एवढं वाच. ‘पाया’ म्हणून जो भाग दिलाय तो प्रत्येक शॉटच्या आधी जसाच्या तसा चिकटवायचा. एकही शब्द इकडचा तिकडे नको. ‘जांभा’च्या जागी तू ‘लाल दगड’ लिहिलंस आणि दुसऱ्या शॉटमध्ये चिऱ्यांच्या विटा झाल्या, ते आठवतंय ना? व्हिडिओ बनवणाऱ्या एआय टूलला मागचा शॉट ठाऊक नसतो. दर वेळी नव्या भटजींना गोत्र सांगावं तसं सगळं पहिल्यापासून सांगायचं.

‘गोवा’ हा शब्द पायात मुद्दाम घातलेला नाही. तो घातला की वाळू, छत्र्या आणि माडाखाली बाटली येते. ‘भविष्यातलं शहर’ लिहिलं की काचेचे मनोरे आणि निळा उजेड. आपल्याला दोन्ही नको. ‘नको’, ‘नाही’ हेही पायात लिहू नकोस. ‘मोटारी नाहीत’ म्हटलं की हटकून एक मोटार येते. नकोशा गोष्टींची यादी वेगळ्या चौकटीत जाते, ती शेवटच्या शॉटच्या आधी दिलीय.

सेटिंग सगळीकडे हीच:

```
aspect 2.39:1
fps 24
duration 8s
seed 4127
```

पाया

साल 2140, आषाढ महिना. नदी समुद्राला मिळते तिथे पाण्यावर उभं असलेलं शहर. नदीतून शहराकडे पाहिलं की समोर दक्षिणेला झाडीने भरलेली टेकडी, उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला खाडी. डावीकडे लांबवर केबलींवर तोललेला जुना काँक्रीटचा पूल, शेवाळाने काळवंडलेला. त्याच्या केबलींवरून माणसांनी भरलेले लाकडी पाळणे संथपणे ये-जा करतात.

शहराचे दोन थर आहेत. खालच्या थरात जुन्या अरुंद गल्ल्या. भरतीला तिथल्या घरांची दारं चौकटीच्या माथ्यापर्यंत बुडतात, ओहोटीला गल्लीत गुडघाभर पाणी राहतं. बुडण्याची खूण म्हणून प्रत्येक भिंतीवर एकाच उंचीला हिरवट काळा पट्टा आहे. वरचा थर पाण्यापासून नऊ मीटर उंच, जांभ्याच्या अष्टकोनी खांबांवर उभा. खांब देवळापुढच्या दीपमाळेसारखे, वर जाताना टप्प्याटप्प्याने निमुळते होणारे, प्रत्येक टप्प्यावर आठ बाजूंना आठ कोनाडे. जांभा तांबूस तपकिरी, भोकाभोकांचा, पावसाने भिजून गडद झालेला. चिऱ्यांमधले सांधे चुन्याचे.

वरची घरं दुमजली. छप्पर उतरतं, लाल मंगळुरी कौलांचं, पन्हळी तांब्याच्या, हिरव्या पडलेल्या. पन्हळीतलं पाणी खांबाच्या पोटातल्या टाकीत जातं. प्रत्येक घरापुढे बाल्कांव: चार पायऱ्या, दोन बुटके खांब, समोरासमोर दोन दगडी बाकं. भिंती चुन्याच्या, रंग तीनच: पिवडीचा पिवळा, निळीचा निळा, काव तांबडा. चौकटींभोवती पांढऱ्या चुन्यावर खरवडून काढलेली तांबडी-तपकिरी वेलबुट्टी. संपूर्ण पांढरी इमारत शहरात एकच: टेकडीच्या पायथ्याचं चर्च, त्याच्यापुढे नागमोडी जिना. प्रत्येक खिडकी लाकडी जाळीची, जाळीत तळहाताएवढे शिंपल्याचे पातळ तुकडे. त्यातून येणारा उजेड दुधट, किंचित पिवळा.

खाडीच्या तोंडावर मानशींची रांग आहे: जांभ्याच्या चौदा कमानी, प्रत्येक कमानीत सागवानी झडप आणि झडपेमागे पितळी पात्यांचं चाक. भरतीला झडपा उघड्या, पाणी आत येतं. पाणी फिरलं की झडपा मिटतात. ओहोटीला साठलेलं पाणी चाकांवरून बाहेर पडतं आणि चाकं फिरतात. खांबांच्या कोनाड्यांतले शिंपल्याचे गोल दिवे या चाकांवर चालतात. चाकं फिरताना दिवे तेजस्वी, मधाच्या रंगाचे, 2700 केल्विन. चाकं थांबली की दिवे वातीएवढे मंद.

लोक सपाट बुडाच्या लाकडी होड्यांतून फिरतात. आकाश पूर्ण ढगाळ, उजेड राखाडी आणि सपाट. पाऊस बारीक, नैर्ऋत्येकडून तिरका. सगळे पृष्ठभाग ओले, कडा मऊ. 35 मिमी लेन्स, कॅमेरा होडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, हलका डुलणारा.

*(पाया संपला. इथपर्यंतच कॉपी कर.)*

मानशींविषयी दोन शब्द तुझ्यासाठी. आपल्या खाजनातला मानस खारं पाणी शेताबाहेर ठेवतो. भरतीच्या दाबाने दार आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं. आपण ते उलटं केलंय, भरती आत घेऊन कोंडतो. माझे आजोबा चोडणला बांधावर काम करायचे, ते हे वाचून हसले असते. पण वीज तशीच होते. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर 1966 पासून भरती-ओहोटीवर वीजकेंद्र चालू आहे. मला हे एवढ्यासाठी हवंय की शहरातला उजेड भरतीच्या वेळापत्रकाला बांधला जातो. दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं. आपल्या एका दिवसात भरती पहाटे 6.10 ला, ओहोटी दुपारी 12.20 ला, पुन्हा भरती संध्याकाळी 6.35 ला. म्हणजे ऐन दिवेलागणीला शहरात दिवे नसतात. तुळशीपुढची पणती तेवढी. सगळी फिल्म या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून पाण्याची पातळी आणि दिव्याचं तेज यांचं गणित कुठल्याही शॉटमध्ये चुकलं तर तो शॉट फेकून द्यायचा, कितीही देखणा असला तरी.

शॉट 1

पहाट, पूर्ण भरती. कॅमेरा नदीच्या मध्यात, दक्षिणेकडे पाहतो. जुनी दारं माथ्यापर्यंत बुडालेली, हिरवट काळा पट्टा पाण्याखाली. कोनाड्यांतले दिवे वातीएवढे. पाऊस उजवीकडून डावीकडे तिरका. पाण्यात खांबांची थरथरती प्रतिबिंबं. डावीकडून एक पाळणा केबलीवरून फ्रेममध्ये येतो. हालचाल एवढीच.

शॉट 2

सकाळचे साडेआठ, पाणी उतरू लागलेलं. कॅमेरा तिसऱ्या कमानीपाशी, झडपेपासून दीड मीटरवर. सागवानी झडप मिटलेली, फळ्यांच्या फटींतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या. फळ्यांवर कालवांचे खडबडीत पुंजके, खालच्या कडेला जास्त, वर विरळ. एक हात, रापलेला, नखांत चुना, फळीवरचं शेवाळ काथ्याच्या गुंडीने घासतो. मागे पितळी चाक सावकाश फिरतं, पात्यांच्या कडा झिजून चकचकीत, मधला भाग काळा. कमानीच्या कोनाड्यातला दिवा या आठ सेकंदांत वातीएवढ्यापासून मधाच्या रंगापर्यंत येतो.

(हा शॉट निदान दहादा चालवावा लागेल. हात बिघडतो. पाच बोटं, अंगठा वरच्या बाजूला, हे वाटल्यास शेवटी जोड. पण चाकाची पाती मोज: आठ हवीत, पहिल्या चाचणीतल्या ज्या फोटोवर आपलं एकमत झालं त्यात आठ आहेत. तोच फोटो इथे संदर्भ म्हणून लाव.)

शॉट 3

सकाळ, वरचा थर. पिवडी रंगाच्या घराचं बाल्कांव. उजव्या बाकावर सत्तरीची बाई, लाल चौकड्यांचं जाड लुगडं, खांद्यावर गाठ, हातात हिरव्या बांगड्या. बाल्कांवाखाली पाण्यात पाववाला पोदेर, त्याच्या होडीला सायकलचे पेडल आणि रबरी भोंगा, मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली वेताची टोपली. बाई दोरीने छोटी परडी खाली सोडते. पोदेर त्यात चार पोई ठेवतो, कोंड्याने माखलेल्या. परडी वर जाते, पोईंतून वाफ. कॅमेरा परडीबरोबर वर चढतो आणि बाईच्या चेहऱ्याशी थांबतो.

(बाईचा वेगळा फोटो आधी पक्का कर, मगच हा आणि पाचवा शॉट. बोलणं डबिंगमध्ये. पोदेर ‘माय, आज उंडे ना’ म्हणतो, ते मीच बोलेन. शहरात कुठे पाटी दिसता कामा नये, टूल देवनागरीची पार वाट लावतं.)

शॉट 4

पहिल्या शॉटचीच चौकट, तीच जागा, तीच लेन्स. दुपारचे 12.20, पूर्ण ओहोटी. हिरवट काळा पट्टा संपूर्ण उघडा, गल्ल्यांत गुडघाभर पाणी, मुलं त्यात खेकडे शोधतात. पाऊस थांबलेला, ढग एका जागी फाटलेले, त्या फटीतून ऊन थेट खाली. सावल्या अगदी आखूड, खांबांच्या पायाशी, किंचित दक्षिणेकडे.

(सावली दक्षिणेकडे, ही चूक नाही. आपण साडेपंधरा अंशांवर आहोत. आषाढात भर दुपारी सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. कुणी परीक्षक बोललाच तर त्याला अंगणात काठी रोवायला सांग.)

शॉट 5

संध्याकाळचे साडेसात, भरती नुकतीच होऊन गेलेली, पाणी अजून दारांच्या माथ्याशी. शॉट 3 मधलं तेच बाल्कांव, तीच बाई. कोनाड्यांतले दिवे वातीएवढे. शहर जवळजवळ काळोखात, आकाशात तांबूस राखाडी उजेडाची शेवटची पट्टी उजवीकडे. बाई तुळशीपुढे पणती लावते, वात पेट घेते, तिच्या हनुवटीवर उजेड. मागच्या घरांत एकेक करून तशाच पणत्या, दूर दूर, पाण्यात प्रत्येकीचं एक प्रतिबिंब. बाई डाव्या बाकावर जाऊन बसते आणि खाडीकडे पाहते.

नकोच्या चौकटीत, सगळ्या शॉटना: मोटारी, उडती वाहनं, ड्रोन, हवेतले पडदे, निऑन, काचेचे मनोरे, पाट्या, अक्षरं, वाळूचा किनारा, छत्र्या, धुकं, घुमट, निळ्या-पांढऱ्या फरशा. (घुमट आणि फरशा यासाठी की ‘चुना’ आणि ‘चर्च’ जवळ आले की शहर थेट लिस्बनला जातं.)

शॉट 6

रात्रीचे साडेआठ. कॅमेरा त्याच बाल्कांवात, बाईच्या खांद्यामागून खाडीच्या तोंडाकडे. काळोख, पावसाचा आवाज, पणतीचा एकच ठिपका फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात. पाणी दारांच्या माथ्यापासून हातभर उतरलेलं, ओला पट्टा चमकतो. लांब मानशींच्या रांगेत पहिल्या कमानीचा दिवा उजळतो. मग दुसरीचा. मग उजेड खांबाखांबाने शहराकडे चालत येतो, प्रत्येक खांबावर खालच्या कोनाड्यापासून वर. बाई मागे न पाहता हात मागे नेते आणि दोन बोटांनी पणतीची वात विझवते.