डब्याच्या रीलची पहिली ओळ

ताई, उद्या सकाळी शूटिंग आहे, म्हणून सुरुवातीच्या ओळी आजच पाठवतो.

"काहून बाप्पा, आजही तर्री-पोह्यांवरच दुपार काढतो काय?"

"आई पुसदला, तू नागपुरात. मग पोळी कोण लाटून देते?"

"मे महिना, पारा ४५ वर. हिंगण्याच्या एमआयडीसीतून जेवायला बाहेर निघून दाखव!"

"गोळाभात आहे आज. ऐक." ही माझी सगळ्यात आवडती. बोलण्याआधी दोन सेकंद फक्त हिंग-मोहरीची फोडणी भातावर पडताना चर्रर्र ऐकू द्या. कॅमेरा पार डब्याजवळ, वाफ दिसलीच पाहिजे. वर गाणं टाकू नका, त्या आवाजानंच भूक लागते.

"बाबांना शुगर आहे, डब्यात ज्वारीची भाकर मिळेल का?" नंदनवनहून असे फोन तुम्हाला येतातच, तेव्हा शब्द बदलू नका. उत्तर तुमच्याच तोंडून, भाकर थापता थापता: "मिळेल ना, गरमच येईल."

पोरांसाठी एक छोटी: "मेसची पातळ डाळ विसर, हे वरण बघ!"

शेवटची घाईच्या लोकांसाठी: "आधी एक डबा खाऊन पाहा, महिन्याचं मग बोलू."