शुक्रवारच्या जिवतीची कहाणी

सगळ्यांनी हातात अक्षता घ्या, लहान पोरांना पुढे बसवा. ऐका जिवतीबाई तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं. तिथे एका बिल्डिंगमध्ये एक बाई राहायची. एकुलता एक मुलगा, तोही नोकरीसाठी लांब. श्रावण आला, बाईने शुक्रवारचा उपास धरला. भिंतीवर जिवतीचा कागद लावला, आघाडा-दूर्वांची माळ घातली, पुरणाचे दिवे केले, दूध-साखर, चणे-फुटाणे ठेवले. कशात कमी म्हणून नाही. तेवढ्यात वॉचमनची छोटी पोर दारात येऊन उभी राहिली, पुरणाचा वास आला होता ना तिला. बाई म्हणाली, "पूजा चाललीय, नंतर ये," आणि दार लावून घेतलं.

मग मुलाचं नाव घेऊन चारी दिशांना अक्षता टाकल्या, लेकरू समोर नसलं की असंच औक्षण करतात. सकाळी केर काढताना बघते तर काय, सगळ्या अक्षता उंबऱ्याच्या आतच, एकही दाणा बाहेर गेला नव्हता. वारा असेल म्हटलं, सोडून दिलं. दुसऱ्या शुक्रवारी तेच झालं. तिसऱ्या शुक्रवारी मुलाचा फोन आला, आई ताप भरलाय, रूमवर एकटाच आहे, आणि फोन कट. परत लावते तर लागेचना.

पुढचे सहा दिवस तिचा नुसता जीव टांगणीला, फोन काही लागला नाही. चौथा शुक्रवार आला. दारात एक म्हातारी, कडेवर मूल. म्हणाली, "बाई, अक्षता कोणाच्या नावाने टाकतेस?"
"माझ्या लेकाच्या."
"मग चार दिशांना कशाला? एकीकडे टाक की. अगं चारी दिशांना टाकायच्या तर चारी दिशांची लेकरं आपली म्हणावी लागतात. तुझंही लेकरू आज कोणाच्या तरी दारात उभं असेल, तिथल्या बाईने दार लावलं तर?"

बाई मटकन खाली बसली. डोळे पुसून उठली, अनवाणीच जिना उतरून वॉचमनच्या पोरीला हाताला धरून घेऊन आली. पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं, पुरणपोळीवर तुपाची धार धरून पहिला घास स्वतः भरवला. पोरीची हनुवटी तुपाने चकाकत होती. मग अक्षता टाकल्या, या वेळी कोणा एकाचं नाव न घेता. दाणे दाराबाहेर गेले. म्हातारी बघते तर कुठेच नाही!

तेवढ्यात फोन वाजला. "आई, ताप उतरला गं. शेजारच्या काकूंनी दार वाजवून बघितलं, आठवडाभर रोज मऊ भात आणून देतायत."

बाईने जिवतीला हात जोडले. म्हणाली, उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही, आणि दारातल्या लेकराला उपाशी पाठवणार नाही.

जशी जिवती तिला पावली तशी तुम्हा-आम्हाला पावो, घरच्या-दारच्या सगळ्या लेकरांना सुखी ठेवो. ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.

आता हातातल्या अक्षता चारी दिशांना टाका.