क्रीडादिन – ३री ब पालक

८.१० – संचलन झालं. आपली मुलं पिवळ्या टोप्यांत, डावीकडून दुसरी रांग. फोटो टाकलेत.

८.४५ – ५० मीटर सुरू. आधी मुली, मग मुलं. कृपया दोरीच्या आत येऊ नका, सर दोनदा ओरडलेत.

९.२० – लिंबू-चमचा! निम्मी लिंबं पहिल्या पाच पावलांतच खाली. एकाने अंगठ्याने दाबून धरलं होतं, बाईंनी हसत परत पाठवलं. व्हिडिओ बघाच 😂

९.५० – सुट्टी. ऊन चढलंय, पाणी सगळ्यांना दिलं. एकीचा गुडघा खरचटलाय, मलमपट्टी झाली, आता चिक्की खातेय. तिच्या आईशी बोलले आहे.

१०.३५ – रस्सीखेच: आपण 'अ' तुकडीला २-१ ने हरवलं!! आवाज बसला माझा.

११.०५ – बक्षीस समारंभ ११.३० ला, म्हणजे पावणेबारा धरा.

⚠️ मुलांना १२.१५ ला मागच्या गेटवरून न्यायचं आहे, पुढचं बंद. ओळखपत्र हवंच, आजी-आजोबा येणार असतील तर त्यांच्याकडे द्या. रिक्षाकाकांना आत्ताच फोन करा. बस नेहमीच्या वेळी, १ वाजता.

१२.०५ – दोन निळ्या बाटल्या आणि एक डावा बूट माझ्याकडे. कोणाचे?