जॉब ४४७१२ : फोटो उघडत नाहीत, स्क्रीनच्या तड्याचं लेखी वर्णन

नमस्कार मॅडम,

या जॉबला जोडलेले दोन्ही फोटो सिस्टिममध्ये शून्य केबीचे दिसतात. काउंटरच्या टॅबमधूनही ते गेले. स्क्रीनचा तडा वॉरंटीत घ्यायचा का हे ठरवायला तुम्ही नवे फोटो मागितलेत, पण ते पाठवले तर उलट घोटाळा होईल. बॅटरी फुगलेली असल्यामुळे फोन तसाच ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून त्याच संध्याकाळी स्क्रीन उचलून बॅटरी बाहेर काढली. त्या उचलण्यात तडा वाढून उजव्या कडेपर्यंत गेला आणि वर डावीकडे काचेचा एक टवका उडाला. या दोन्ही गोष्टी आमच्या हातून झालेल्या आहेत, ग्राहकाकडून फोन आला तेव्हा नव्हत्या.

खालचं वर्णन फोन घेताना जॉबशीटवर लिहिलेल्या नोंदींवरून आहे. जॉबशीटवरच्या फोनच्या आकृतीत मी तडा आणि पोचा पेनाने काढला होता, त्याखाली ग्राहकाची सही आहे. त्याची प्रत जोडली आहे.

तडा एकच होता. डाव्या कडेच्या साधारण मध्यावर, आवाजाच्या बटणांच्या थोडं खाली सुरू होऊन किंचित वळत उजवीकडे वर गेलेला, लांबी सुमारे ७ सेंमी. उजव्या कडेच्या १ सेंमी अलीकडे तो थांबला होता आणि शेवटी त्याला दोन फाटे फुटले होते. फाटे तडा जातो त्या दिशेला फुटतात, त्यामुळे सुरुवात डाव्या कडेला झाली असं मी धरतो. कुठेही काचेचा चुरा किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा नव्हत्या. फोन आपटला किंवा वर काही पडलं की आघाताच्या जागी काच चुरते, तसा बिंदू भिंगातून पाहूनही सापडला नाही. वर मऊ प्लास्टिकचा गार्ड होता. तड्याच्या सुरुवातीच्या जागी त्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

त्याच जागी स्क्रीन फ्रेमपासून सुटून वर आली होती. फट मध्यभागी सर्वांत जास्त, व्हिजिटिंग कार्ड सहज आत जाईल एवढी, आणि वर-खाली दोन्हीकडे कमी होत गेलेली. गोंदाची पट्टी ताणून सुटलेली दिसत होती. बाहेरून काही खुपसून उघडल्याची खूण फ्रेमवर नव्हती. स्क्रीन काढल्यावर बॅटरीचा फुगवटा नेमका या फटीखालीच निघाला, म्हणून तडा बॅटरीने आतून दाबल्यामुळे गेला असं मी धरतो.

आता तुम्हाला खटकेल ती गोष्ट. फ्रेमच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पोचा आहे, सुमारे ३ मिमी, रंग उडालेला. फोन कधीतरी पडलेला आहे यात शंका नाही, आणि ग्राहकाने ते न विचारताच सांगितलं. पण पोच्यात मळ बसलेला आहे, कडा घासून गुळगुळीत झाल्या आहेत आणि त्याला लागून असलेली काच पूर्ण शाबूत होती. तड्याची सुरुवात या कोपऱ्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला आहे. फ्रेमला पोचा आणि स्क्रीनला तडा, म्हणजे आपटल्याचं नुकसान, असा शेरा आपण नेहमी मारतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. या फोनला तो लागू होत नाही, असं माझं मत आहे.

बाकीचं थोडक्यात. मागची बाजू स्वच्छ, कॅमेऱ्याची काच ठीक. स्टीलची पट्टी लावून पाहिली, फ्रेम वाकलेली नाही, म्हणजे खिशात दाबला जाऊन वाकला असंही दिसत नाही. सिम ट्रेच्या खाचेतलं पाण्याचं स्टिकर पांढरंच आहे. टच सगळीकडे चालत होता, डिस्प्लेवर काळा डाग किंवा रेषा नव्हत्या. फोन आधी कुणी उघडल्याची खूण नाही.

ग्राहकाचं म्हणणं असं, की रात्री चार्जिंगला लावला तेव्हा काच ठीक होती, सकाळी तडा दिसला. हे मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला ग्राहकाचं निवेदन एवढंच समजा. चार्जर आणलेला नव्हता, तो कंपनीचाच होता की दुसरा हे मला तपासता आलेलं नाही. निर्णयासाठी ते लागणार असेल तर कळवा, मागवून घेतो.

माझी शिफारस : बॅटरी आणि स्क्रीन दोन्ही वॉरंटीत घ्यावेत, कोपऱ्याचा पोचा वॉरंटीबाहेर ठेवावा. ग्राहकाला पोच्याची दुरुस्ती नकोच आहे. काढलेली स्क्रीन पाकिटात सील करून ठेवली आहे, हवी असल्यास पाठवतो. पाकिटावर "तडा उचलताना वाढला" असं लिहिलं आहे. बॅटरी मात्र कुरियरने पाठवणार नाही, ती वाळूच्या डब्यात वेगळी ठेवली आहे आणि तुमचा निर्णय येईपर्यंत विल्हेवाटीला देणार नाही.

काउंटर इंजिनीअर, सकाळची पाळी