आई-बाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचं गुपित

अरे, दोन मिनिटं जरा हात थांबवा. पाटवडीचा रस्सा कुठे पळून नाही जात. मामा, तुम्ही पण बसा, आणि तोंड उघडायचं नाही. दुपारी तुमच्या तोंडून निघालंच होतं सगळं.

तर आई-बाबा, येत्या 27 नोव्हेंबरला तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. निखिल, वहिनी, मी अन् तुमचे जावई, आम्ही चौघांनी मिळून तुम्हाला फिरायला पाठवायचं ठरवलंय. जागा कोणती, ते तुम्हाला कळू दिलं नाही. बाबांनी आत्तापर्यंत काशी, केरळ आणि काश्मीर असे तीन अंदाज बांधलेत. तिन्ही चूक!

जागा निवडताना आम्ही तुमच्या लग्नाचाच विचार केला. 1985 साली बाबांचं वऱ्हाड इतवारीहून भिवापूरला छोट्या लाईनच्या गाडीनं गेलं. परतताना आई उमरेडपर्यंत रडत होती. मग उमरेडला बाबा भजी घ्यायला उतरले, गाडी हलली, आणि नवरदेव पळत येऊन शेवटच्या डब्यात चढले. ही गोष्ट बाबा सांगतात तेव्हा ते हिरो असतात. मामा सांगतात तेव्हा गाडी इतकी हळू होती की पळायचीही गरज नव्हती. खरं काय ते आईला विचारा, पण ती नुसती हसते.

पुढे आम्ही पण त्याच गाडीनं आजोळी जायचो. खिडकीत कोण बसणार यावरून निखिल अन् माझी रोज मारामारी. 2019 मध्ये ती लाईन ब्रॉडगेज करायला बंद झाली. तेव्हापासून बाबा नातवाला घेऊन मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियमला जातात. नातवाला तिथे किती मजा येते माहीत नाही, बाबांना मात्र येते.

म्हणून तुम्ही दोघं चाललात दार्जिलिंगला!

थांबा, टाळ्या नंतर. आई, 'थंडी सोसणार नाही' हे तू म्हणणार, माहीत आहे मला. ऐक आधी. तिथली छोट्या लाईनची गाडी अजून चालू आहे. 1881 पासून दार्जिलिंगपर्यंत धावते, आणि 1999 मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हणून मान दिला. रूळ फक्त दोन फुटांचे. आपली भिवापूरची लाईन अडीच फुटांची होती, म्हणजे बाबा, ही त्याहूनही बारीक. तुमच्यासाठी कोळशाच्या इंजिनाची फेरी बुक केलीय, दार्जिलिंग ते घूम आणि परत. घूम हे भारतातलं सगळ्यात उंचावरचं रेल्वे स्टेशन, 7407 फूट. वाटेत बतासिया लूपवर गाडी बागेतून गोल फिरते, आणि आभाळ मोकळं असेल तर समोर कांचनजंगा.

मे महिन्यात नागपूरच्या उन्हातून सुटका म्हणून पाठवावं, असं वहिनीचं म्हणणं होतं. पण उन्हाळ्यात तिकडे ढग आणि धुकं असतं, डोंगर दिसेलच असं नाही. नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते. म्हणून 27 ला पहाटे तुम्ही सूर्योदय पाहायला टायगर हिलवर असाल. चारच्या आधी उठावं लागेल. आई रोज उठतेच, प्रश्न बाबांचा आहे.

विमानानं पाठवायला निघालो होतो, पण बाबा दर वेळी विमानतळावर म्हणतात, 'यात काय पाहायचं बाप्पा, नुसते ढग.' मग रेल्वेच. संध्याकाळी नागपूरहून गीतांजली, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. तिथून टॅक्सीनं सियालदह, रात्री दार्जिलिंग मेल, सकाळी न्यू जलपाईगुडी. पुढे वर जायला जीप. छोट्या गाडीनं अख्खा घाट चढायला जवळजवळ पूर्ण दिवस जातो, आणि आईच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, म्हणून तेवढं टाळलं. बाबा, तोंड पाडू नका.

तुळशीला पाणी काकू घालणार आहेत, मांजर निखिलकडे, दूधवाल्याला मी सांगते. आई, आता एकही कारण उरलं नाही, मी मोजून ठेवलीत. स्वेटर आणि कानटोप्या या पिशवीत आहेत, वहिनीनं आणल्यात. मापाचे नसतील तर बर्डीवर जाऊन बदलून घेऊ.

हं, आता टाळ्या! निखिल, तिकिटांचं पाकीट आईच्या हातात दे, बाबांच्या नको, ते हरवतील.

आणि बाबा, मोबाईल खाली ठेवा. गीतांजली किती लेट आहे ते आज पाहून काय करता, गाडी दोन आठवड्यांनी आहे!