आजच्या रात्रपाळीला दिवाळीच्या शुभेच्छा

सिस्टर, ब्रदर, वॉर्डातल्या मावश्या-मामा, लॅबवाले, लिफ्टमन आणि गेटवरचे सिक्युरिटी काका,

उद्या नरक चतुर्दशी. घरोघरी पहाटे चारला गजर वाजेल, उटणं लागेल, दारात कारीट फुटेल. तुम्ही तेव्हा पहाटेचं टीपीआर घेत असाल, नाहीतर कॅज्युअल्टीत फटाक्यानं भाजलेल्या एखाद्या पोराचा हात नळाखाली धरून उभे असाल. त्याची आई हमखास विचारणार, "टूथपेस्ट लावू का?" दरवर्षी विचारतात!

काका, तुमचं काम तर आज दुप्पट. एकीकडे भेटायला आलेल्यांच्या गाड्या, दुसरीकडे १०८ आली की वाट मोकळी हवी. त्यातून फराळाचे डबे घेऊन आलेल्या नातेवाइकांना वेळ संपली म्हणून सांगायचं. शिव्या तुम्हालाच बसतात, ठाऊक आहे.

पॅन्ट्रीत निळ्या झाकणाच्या डब्यात चकल्या आहेत, स्टीलच्यात चिवडा आणि करंज्या. चकल्या जरा मऊ पडल्यात, दोष माझ्या मोहनाचा. गेटवरचा वाटा वेगळा बांधलाय, मामा दहाच्या आत पोचवा. रांगोळी ओपीडीच्या दाराशी काढली आहे, स्ट्रेचरची वाट सोडून. पणत्या मात्र बाहेरच; आत ऑक्सिजन आहे.

सकाळी आठला आम्ही वेळेवर येऊ, खरंच. उन्हं वर आली तरी चालेल, घरी जाऊन उटणं लावूनच आंघोळ करा.

शुभ दीपावली!

तुमची दिवसपाळी