शाळेच्या नाटकाचं संग्रहासाठी चित्रीकरण: तीन कॅमेऱ्यांचा आराखडा

कॅमेरा आणि ध्वनी सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी. गुरुवारच्या रंगीत तालमीला येण्याआधी वाचून या.

प्रयोग शनिवारी संध्याकाळी ६ वाजता. पहिला अंक ५० मिनिटं, मध्यंतर १५, दुसरा अंक ४५. ही प्रत शाळेच्या संग्रहात राहणार आहे. वीस वर्षांनी कुणी ती उघडेल तेव्हा रंगमंचावर कोण कुठे उभं होतं, नेपथ्य कसं होतं, प्रकाश कधी बदलला, हे सगळं दिसायला हवं. म्हणून सुंदर क्लोजअपपेक्षा अखंड वाइड शॉट महत्त्वाचा. बाकी दोन्ही कॅमेरे बिघडले तरी चालेल, 'अ' चालूच राहिला पाहिजे.

कॅमेरा अ: सभागृहाच्या मागे, मधोमध, रंगमंचापासून साधारण १७ मीटरवर. दोन्ही विंगांच्या कडा आणि वरची झालर चौकटीत. एकदा लावला की हात लावायचा नाही. ट्रायपॉड लाकडी चौथऱ्यावर ठेवू नका, शेजारून कुणी चाललं तरी चित्र हलतं; थेट जमिनीवर ठेवा आणि उभ्या प्रेक्षकाच्या डोक्यावरून दिसेल इतका उंच करा.

कॅमेरा ब: 'अ'च्या शेजारी, लांब लेन्सवर. बोलणाऱ्याच्या मागे धावू नका. दोन-तीन पात्रांचा गट धरा आणि थांबा. ऐकणाऱ्याचा चेहराही नाटकच असतो.

कॅमेरा क: डाव्या मार्गिकेत, चौथ्या रांगेजवळ, रंगमंचापासून ६ मीटरवर. याचं चित्रीकरण २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतं. म्हणून तिसऱ्या घंटेला सुरू करा आणि दोन्ही अंकांत मधल्या प्रवेशबदलाच्या काळोखात बंद करून लगेच पुन्हा सुरू करा. पहिल्या अंकात ती जागा २६व्या मिनिटाच्या आसपास येते, दुसऱ्यात २०व्या. संहितेच्या प्रतीवर लाल खूण केली आहे.

तिन्हींवर १०८०पी, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. एलईडी दिव्यांमुळे चित्रात पट्टे येतात का, ते तालमीत प्रत्येक प्रवेशात तपासा; आले तर शटर थोडं बदला, पण तिन्हींवर सारखंच. ऑटो काहीही नको. दुसऱ्या अंकात निळ्या प्रकाशात ती एकटी मुलगी कंदील घेऊन येते, तिथे ऑटो एक्स्पोजर काळोख उजळवून टाकेल, पडद्यावर दाणे उठतील आणि तिचा चेहरा कंदिलाच्या उजेडात पांढराफटक होईल. एक्स्पोजर चेहऱ्यावर बांधा, मागचं काळं राहू द्या. व्हाइट बॅलन्सचा आकडा तालमीत सर्वसाधारण प्रकाशात एकदा ठरवू. निळा प्रवेश निळाच दिसायला हवा.

आवाज: रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. दोन चॅनल मिक्सरच्या ऑक्स आउटमधून, दोन रंगमंचाच्या कडेवरच्या मायक्रोफोनमधून. फक्त मिक्सरवर विसंबू नका: माइक नसलेली मुलं आणि प्रेक्षकांचं हसणं त्यात येत नाही. सर्वांत मोठा आवाज -१२ डेसिबलच्या आसपास. कॅमेऱ्यांचे आपापले मायक्रोफोनही चालू ठेवा, जुळवणीला लागतात.

प्रेक्षक आत येण्याआधी, ५:४० वाजता, रेकॉर्डर, अ आणि ब सुरू. मग रंगमंचाच्या मध्यावर एक जोरदार टाळी. १७ मीटरवर आवाज पोचायला सुमारे ५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका फ्रेमहून थोडं जास्त. त्यामुळे अ आणि ब जुळवताना तळवे भिडलेली फ्रेम बघायची, आवाजाची लाट नव्हे. 'क' त्याच्या आवाजावरून जुळेल. तिथला उशीर अर्ध्या फ्रेमपेक्षा कमी आहे. अ आणि ब मध्यंतरातही बंद करायचे नाहीत, म्हणून दोन्ही विजेच्या जोडणीवर. ५० मेगाबिटला तासाला साडेबावीस जीबी, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड पुरतं. मात्र कोरं कार्डच घाला.

नाटककाराची लेखी परवानगी फक्त संग्रहप्रतीपुरती आहे. कुणीही तुकडा मोबाइलवर पाठवायचा नाही. ज्या मुलांच्या पालकांनी क्लोजअपला नकार दिला आहे, त्यांची यादी ब आणि क कडे नाट्यशिक्षिका देतील. ती मुलं फक्त वाइडमध्ये. प्रेक्षकांनी मोबाइल उंच धरू नयेत, ही सूचना पडदा उघडण्याआधी होईल.

प्रयोग संपल्यावर दमलेलो असू, तरी कॉपी त्याच रात्री. दोन वेगळ्या डिस्कवर, प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं फोल्डर. मग कार्डावरच्या फोल्डरमध्ये पहिली ओळ चालवा, तयार झालेली फाइल दोन्ही डिस्कवर घ्या आणि तिथे दुसरी चालवा:

```
sha256sum *.MP4 > checksums.txt
sha256sum -c checksums.txt
```

सगळ्या फाइलींपुढे OK दिसलं की एक डिस्क शाळेच्या कपाटात, दुसरी माझ्याबरोबर दुसऱ्या इमारतीत. संपादित प्रत झाली तरी मूळ फाइली पुसायच्या नाहीत. आणि कार्डं सोमवारी मी सांगेपर्यंत कुणीही फॉरमॅट करू नये.